पडद्यावरचा भाव आणि हाती येणारा भाव

शेअर निवडण्याचे नियम बनवणं आता कठीण राहिलेलं नाही. कर्ज कमी, नफा वाढता, सहा महिन्यांत भाव चढलेला, अशा तीन-चार अटी एखाद्या संकेतस्थळावर भरल्या की तीस-चाळीस कंपन्यांची यादी समोर येते. जुन्या आकड्यांवर तोच नियम चालवून पाहिला तर परतावाही भरघोस दिसतो, आणि त्यातला मोठा वाटा बहुधा फारशा कोणाला माहीत नसलेल्या लहान कंपन्यांचा असतो. या सगळ्या हिशोबात एक गोष्ट मात्र न बोलता धरून चाललेली असते. त्या दिवशी जो बंद भाव लागला, त्या भावाला आपल्याला हवे तेवढे शेअर मिळाले असते, ही ती गोष्ट. लहान कंपन्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा खरी नसते. म्हणून नियमाच्या आधी एक चाळणी लावावी लागते: या शेअरमध्ये माझ्या रकमेची ऑर्डर, मला परवडेल अशा भावात, खरोखर पुरी होईल का?

चाळणीला दोन जाळ्या असतात. पहिली रोजच्या सरासरी उलाढालीची, म्हणजे त्या शेअरमध्ये दिवसाला किती रुपयांचे सौदे होतात याची. दुसरी स्प्रेडची. या क्षणी विकत घ्यायला तयार असलेल्याचा सर्वांत वरचा भाव आणि विकायला तयार असलेल्याचा सर्वांत खालचा भाव, यांतलं अंतर म्हणजे स्प्रेड. उलाढाल सांगते की दिवसभरात या शेअरमधून किती पैसा वाहतो. स्प्रेड सांगतो की आत्ता लगेच सौदा करायचा तर त्याची किंमत किती. एकीचं काम दुसरीकडून होत नाही, आणि दोन्ही नीट मोजायच्या तर थोडी काळजी घ्यावी लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भाव ८४ रुपयांच्या आसपास असलेली एक लहान कंपनी आहे आणि तिच्यात ३ लाख रुपये घालायचे आहेत. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, दररोज संध्याकाळी दिवसभराच्या सौद्यांची फाइल संकेतस्थळावर ठेवतो. बाजारातले लोक तिला भावकॉपी म्हणतात. डिलिव्हरीच्या तपशिलासह जी फाइल असते, तिच्यात `TURNOVER_LACS` नावाच्या रकान्यात उलाढाल मिळते. नावातच सांगितल्याप्रमाणे हा आकडा लाखांत असतो. रुपये समजून तो वापरला तर चाळणी सगळ्यांनाच बाहेर फेकते, आणि घाईत उलटसुलट गुणाकार केला तर सगळ्यांनाच आत घेते.

शेअरची संख्या न मोजता रुपये मोजायचे, यालाही कारण आहे. ३ रुपयांच्या शेअरमध्ये लाखभर शेअरचे सौदे झाले तर ऐकायला मोठं वाटतं, पण होतात ते ३ लाख रुपये. एमआरएफचा एकेक शेअर लाखाच्या वर असतो. तिथे दोन-तीन शेअर हलले की तेवढीच रक्कम होते.

आपल्या कंपनीची गेल्या २० दिवसांची सरासरी उलाढाल निघते ४१ लाख रुपये. ३ लाखांच्या ऑर्डरसाठी हा आकडा बरा वाटतो. पण दिवसवार यादी उघडून पाहावी. १९ दिवस उलाढाल १४ लाखांच्या जवळपास आहे आणि एका दिवशी ५ कोटी ५४ लाख. त्या दिवशी कोणा मोठ्या भागधारकाने आपला हिस्सा दुसऱ्या मोठ्या गुंतवणूकदाराला विकला असेल किंवा निकालाची बातमी आली असेल. कारण काहीही असो, तो दिवस सरासरीला एकट्याने तिप्पट करून गेला. इथे मध्यक वापरावा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा. आपल्या कंपनीचा मध्यक आहे १४ लाख, आणि आपण ज्या कुठल्या साध्या मंगळवारी बाजारात जाऊ त्या दिवशी तेवढंच पाणी असणार आहे.

आता आपला वाटा ठरवायचा. दिवसाच्या उलाढालीच्या ५ टक्क्यांहून जास्त वाटा आपण एकट्याने घेऊ नये, असा अंगठेनियम मी मानतो. हा कायदा नाही. कोणी २ टक्के धरतं, कोणी १०. पण वाटा जसजसा वाढतो तसतशी आपली खरेदी भावाला वर ढकलू लागते, आणि ते आपल्याच पैशाने होतं. ४१ लाखांचे ५ टक्के म्हणजे २ लाख ५ हजार, म्हणजे ३ लाखांचं काम दोन दिवसांत उरकेल असं सरासरी सांगते. १४ लाखांचे ५ टक्के म्हणजे ७० हजार. मध्यक सांगतो की पाच दिवस लागतील. ज्या नियमात दर महिन्याला यादी बदलायची आहे त्यात पाच दिवस आत शिरायला आणि पाच दिवस बाहेर पडायला गेले, तर मूळ नियम कागदावरच राहतो.

इतकं करूनही उलाढालीचा आकडा फसवू शकतो. त्यात सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे सौदे असतात. एकाच टोळीतल्या लोकांनी आपापसात फिरवलेले शेअरही त्यात मोजले जातात. अशा फिरवाफिरवीत आकडे फुगतात, पण बाहेरच्या माणसाला विकत घ्यायला किंवा विकायला समोर फारसं कोणी नसतं. उलाढाल भरपूर आणि तरी स्प्रेड रुंद, असं चित्र दिसलं की मी त्या शेअरपासून लांब राहतो. खऱ्या, वेगवेगळ्या लोकांच्या सौद्यांनी भरलेल्या शेअरमध्ये स्प्रेड आपोआप आक्रसतो.

स्प्रेड मोजायला ब्रोकरच्या ॲपमध्ये मार्केट डेप्थ उघडावी लागते. खरेदीच्या बाजूचे पाच आणि विक्रीच्या बाजूचे पाच सर्वोत्तम भाव तिथे संख्येसह दिसतात. समजा सकाळी अकरा वाजता आपल्या कंपनीत सर्वांत वरची खरेदीची बोली ८३ रुपये ६० पैसे आणि सर्वांत खालचा विक्रीचा भाव ८४ रुपये ८० पैसे आहे. दोहोंचा मध्य ८४.२०. अंतर १ रुपया २० पैसे. मध्याला भागलं की स्प्रेड आला जवळपास १.४ टक्के. निफ्टीतल्या एखाद्या १,४०० रुपयांच्या शेअरमध्ये हे अंतर बहुधा १०-२० पैशांचं असतं, म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग. दोन्ही शेअर एकाच बाजारात, एकाच पडद्यावर दिसतात, पण एकातून आत-बाहेर करण्याचा खर्च दुसऱ्याच्या शंभरपटीहून जास्त आहे.

हे अंतर इतकं का पडतं? दलाल स्ट्रीटवर जेव्हा रिंगमध्ये ओरडून सौदे होत, तेव्हा जॉबर नावाचा माणूस खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सांगत उभा असे, आणि त्यांतला फरक ही त्याची कमाई असे. १९९४ मध्ये एनएसईने शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर सुरू केले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर गेला. आता ऑर्डरशी ऑर्डर जुळते. साध्या रोखीच्या बाजारातल्या लहान शेअरमध्ये दोन्ही बाजूंनी भाव देत उभं राहायला कोणी बांधलेलं नाही. जो कोणी विक्रीची ऑर्डर लावून ठेवतो तो दोन धोके पत्करतो: समोरचा घेणारा आपल्यापेक्षा जास्त काही जाणत असेल हा एक, आणि पुन्हा गिऱ्हाईक कधी येईल ते ठाऊक नाही हा दुसरा. या धोक्यांची किंमत तो भावात लावतो. कंपनी जितकी अनोळखी आणि गिऱ्हाईक जितकं विरळ, तितकं अंतर मोठं.

पण पहिल्या ओळीतला स्प्रेड ही फक्त सुरुवात असते. ८४.८० ला किती शेअर विकायला आहेत? २१०. त्यानंतर ८४.९५ ला १५०, ८५.४० ला ५००, ८६.१० ला ३४०, आणि ८७ ला १,०००. ३ लाख रुपयांत मध्यभावाने साडेतीन हजारांवर शेअर यायला हवेत. इथे पाचही ओळी मिळून आहेत २,२००. समजा आपण मार्केट ऑर्डर टाकून या पाचही ओळी उचलल्या, तर १ लाख ८९ हजार ५०० रुपये जातील आणि सरासरी भाव पडेल ८६ रुपये १५ पैसे. मध्यभावापेक्षा २.३ टक्के जास्त. आणि पैसे अजून उरलेलेच आहेत. ते पडद्यावर न दिसणाऱ्या, आणखी वरच्या भावांवर जातील. विकताना खालच्या बाजूला असंच झालं तर कंपनीने काही चांगलं-वाईट करण्याआधीच साडेचार टक्के गेले.

या वाढीव खर्चाला बाजारात इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. मध्यभाव हा आदर्श भाव धरायचा आणि आपल्या रकमेची ऑर्डर प्रत्यक्षात त्यापासून किती टक्के दूर पुरी होते ते पाहायचं. मला हे माप स्प्रेडपेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण त्यात रक्कम येते. पहिल्या ओळीत कोणी दहा शेअरची ऑर्डर लावून स्प्रेड अरुंद दाखवू शकतो. इम्पॅक्ट कॉस्टवर त्या दहा शेअरचा काही परिणाम होत नाही. बाजारातल्या मोठ्या संस्थाही याच मापाने चालतात. निफ्टी ५० मध्ये यायचं तर १० कोटी रुपयांच्या बास्केटसाठी सहा महिन्यांत घेतलेल्या नोंदींपैकी ९० टक्के नोंदींत ही किंमत अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असावी लागते. सेबीच्या मार्जिनच्या नियमांत पहिल्या गटात बसण्यासाठी शेअरचे सौदे सहा महिन्यांतल्या किमान ८० टक्के दिवशी झालेले असावे लागतात आणि १ लाखाच्या ऑर्डरची सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट १ टक्क्याच्या आत असावी लागते. वरच्या उदाहरणात १ लाखाची खरेदी केली तर ती १.४५ टक्क्यांच्या आसपास येते. एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर इम्पॅक्ट कॉस्टचा आकडा दिलेला असतो. तो बघायला एक मिनिट लागत नाही, आणि तरीही फारच थोडे लोक तो बघतात.

स्प्रेड एकदाच बघून भागत नाही. सव्वानऊला बाजार उघडल्यावर पहिली काही मिनिटं लहान शेअरमध्ये अंतर प्रचंड असतं, कारण लोकांनी ऑर्डर लावलेल्याच नसतात. दहा, साडेअकरा, एक आणि अडीच अशा वेळांना आठवडाभर नोंद करावी आणि इथेही मधला आकडा घ्यावा. भावकॉपीत स्प्रेडचा रकाना नसतो. त्यामुळे ज्यांना जुन्या वर्षांवर नियम तपासायचा असतो ते दिवसाच्या उच्च आणि नीच भावांवरून स्प्रेडचा अंदाज काढणारी सूत्रं वापरतात. अंदाज म्हणून ती ठीक आहेत, पण आज खरी ऑर्डर टाकताना आजचा पडदाच बघावा.

संगणकावर चाळणी चालवणाऱ्यांकडून एक चूक फार सहज होते, आणि ती महागात पडते. शेअर अप्पर सर्किटला लागला की विकणारा कोणीच उरत नाही, आणि विक्रीच्या भावाच्या जागी शून्य दिसतं. शून्यातून खरेदीची बोली वजा केली की स्प्रेड ऋण येतो. ‘स्प्रेड अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी हवा’ ही अट तो ऐटीत पार करतो. म्हणजे ज्या शेअरमध्ये एकही शेअर विकत मिळणार नाही, नेमका तोच यादीत सगळ्यात वर येऊन बसतो. म्हणून कोणतीही एक बाजू रिकामी असेल तर तो शेअर नापास, अशी वेगळी अट आधी घालावी. यादीत अचानक उणे चिन्ह दिसलं, किंवा सगळ्यात वरचे पाच शेअर आदल्या दिवशी ५ किंवा २० टक्क्यांवर बंद झालेले दिसले, तर ही चूक घुसली आहे असं समजावं.

दुसरी चूक वेळेची आहे. आज बातमी आली, आज उलाढाल दहापट झाली, म्हणून आजच्या आकड्यावर शेअर चाळणीतून पास झाला. पण सकाळी ऑर्डर टाकताना हा आकडा कोणाच्याच हाती नव्हता. जुन्या आकड्यांवर तपासताना कालपर्यंतचीच माहिती वापरली पाहिजे. शिवाय भाव चढलेले शेअर शोधणारे नियम स्वभावतःच अशा गर्दीच्या दिवसांकडे ओढले जातात. आत शिरताना गर्दी असते, आणि दोन महिन्यांनी बाहेर पडायची वेळ येते तेव्हा ती पांगलेली असते. म्हणून मी २० दिवसांचा मध्यक आणि सहा महिन्यांचा मध्यक असे दोन्ही काढावेत आणि त्यांतला लहान आकडा धरावा, असं सुचवेन. विकण्याचा दिवस आपल्या सोयीने येत नसतो.

आणखी एक लहान सूचना. बरेच शेअर एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे असतात. दोन्हीकडच्या उलाढालीची बेरीज करून समाधान मानू नये. आपली ऑर्डर एका बाजारात जाऊन उभी राहते, तिथे जे आहे तेच तिला मिळतं.

मर्यादा काय ठेवावी, याला एकच उत्तर नाही. ते आपण किती वेळा आत-बाहेर करणार यावर ठरतं. १.४ टक्के स्प्रेडचा शेअर घेऊन दहा वर्षं ठेवणाऱ्याला तो खर्च एकदाच बसतो आणि सहज पचतो. तोच स्प्रेड दर महिन्याला संपूर्ण यादी बदलणाऱ्याला वर्षात बारा वेळा बसतो. बारा गुणिले १.४ म्हणजे जवळपास १७ टक्के, आणि त्यात कर किंवा दलाली धरलेली नाही. जुन्या आकड्यांवर २५ टक्के दाखवणारा नियम प्रत्यक्षात बँकेतल्या ठेवीइतकाच देतो, तेव्हा बहुतेक वेळा फरक इथे गळालेला असतो. माझ्या मते महिन्याला बदलणाऱ्याने अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये, आणि वर्षाला एकदा बदलणाऱ्याला एक टक्का चालावा.

मग लिमिट ऑर्डर लावून मध्यभावाला शांतपणे थांबलं तर? पातळ शेअरमध्ये लिमिट ऑर्डरच लावावी, याबद्दल शंका नाही. पण तिलाही एक किंमत आहे. ८४.२० ला लावलेली आपली खरेदी कधी पुरी होते? कोणीतरी खाली येऊन विकतं तेव्हा, म्हणजे पुष्कळदा भाव घसरत असताना. आणि जो शेअर सरळ वर निघून जातो तो आपल्याला मिळतच नाही. नियमाच्या कागदी हिशोबात पळालेले शेअरही मोजलेले असतात. आपल्या खात्यात मात्र घसरलेले जास्त आणि पळालेले कमी जमतात. हे ताडून पाहायचं असेल तर पुऱ्या न झालेल्या ऑर्डरची वही ठेवावी आणि महिन्याभराने त्या शेअरचं काय झालं ते लिहावं. न मिळालेले शेअर मिळालेल्यांपेक्षा सतत वर दिसले, तर रक्कम त्या बाजाराला जड होते आहे.

चाळणीला स्वतःचीही मर्यादा आहे. ती शांत दिवसांवर मोजलेली असते. २३ मार्च २०२० रोजी बाजार उघडल्यावर तासाभरात निर्देशांक १० टक्के पडून व्यवहार थांबवावे लागले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर निफ्टी दिवसअखेर सुमारे १३ टक्के खाली होता. अशा दिवशी खरेदीची बाजूच नाहीशी होते, आणि सहा महिने नीट मोजलेला स्प्रेड काहीही सांगू शकत नाही. म्हणून चाळणीतून पास झालेल्या शेअरमध्येही सगळी रक्कम एकाच ठिकाणी असू नये, आणि पुढच्या वर्षी लागणारा पैसा तर लहान शेअरमध्ये मुळीच असू नये.

हाच प्रश्न हजारो कोटी सांभाळणाऱ्या म्युच्युअल फंडांपुढेही आहे, आणि तिथे आपल्यापैकी अनेकांचे एसआयपीचे पैसे आहेत. मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांना आपल्या गुंतवणुकीचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील, हे दर महिन्याला जाहीर करावं लागतं. तुमचा स्मॉलकॅप फंड असेल तर फंड कंपनीच्या संकेतस्थळावर ‘स्ट्रेस टेस्ट’ नावाखाली हा आकडा सापडेल. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहा; दिवस वाढत चालले असतील, तर पुढची एसआयपी त्याच फंडात चालू ठेवायची का, हे आपल्या सल्लागाराला नक्की विचारा.